शेअर नसलेल्या कंपन्यांचा बाजारातला पत्ता

देशातली पहिली अणुवीज १९६९ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला तयार झाली. ते केंद्र आज न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी चालवते. तिचे मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. या कंपनीचा शेअर घ्यावा असे कुणाच्या मनात आले, तर ब्रोकरच्या अ‍ॅपवर तो सापडणार नाही, कारण सगळे भागभांडवल केंद्र सरकारकडे आहे. आणि तरीही शेअर बाजाराच्या दप्तरात या कंपनीचे नाव आहे. अणुभट्ट्या उभारायला लागणारा पैसा तिने कर्जरोखे विकून उभा केला आणि ते रोखे बाजारात नोंदवले गेले. मालकीचा एकही तुकडा विकायला नाही, पण कर्जाचे तुकडे मात्र आहेत.

अशा कंपन्या थोड्याथोडक्या नाहीत. आयसीआयसीआय होम फायनान्स किंवा टाटा कॅपिटल हाउसिंग फायनान्स यांच्यासारख्या मोठ्या घराण्यांच्या कर्ज देणाऱ्या कंपन्या त्यांत आहेत, सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, रस्ते आणि वीजप्रकल्पांसाठी काढलेल्या कंपन्या आहेत. कारण साधे आहे. मूळ कंपनीला मालकीत वाटेकरी नको असतो, पण धंद्याला पैसा तर लागतो. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी हे या पैशाचे मोठे मालक, आणि त्यांना बाजारात नोंदवलेल्या रोख्यांत पैसे घालणे सोयीचे पडते. म्हणून कंपनी डिबेंचर काढते, ते बीएसई किंवा एनएसईवर नोंदवते आणि शेअर घरातच ठेवते.

सामान्य गुंतवणूकदाराला हे जग आजवर दिसले नाही, कारण यातले बहुतेक रोखे खासगी पद्धतीने विकले जातात. कंपनी ठरावीक लोकांना प्रस्ताव देते. मोठ्या संस्था वगळल्या, तर एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त जणांना असा प्रस्ताव देता येत नाही. शिवाय एका रोख्याची दर्शनी किंमत २०२२ अखेरपर्यंत दहा लाख रुपये होती. २०२३ पासून सेबीने ती एक लाखावर आणली आणि २०२४ मध्ये काही अटींवर दहा हजारांपर्यंत खाली येऊ दिली. त्यातच ऑनलाइन रोखे विकणाऱ्या प्लॅटफॉर्मसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमावली आली. त्यामुळे आज नाशिकच्या शिक्षकाला किंवा साताऱ्याच्या दुकानदाराला मोबाइलवर कधी न ऐकलेल्या कंपनीचा दहा-अकरा टक्क्यांचा रोखा दिसतो. नाव ओळखीचे नसते. गूगलवर शोधले तर शेअरचा भाव येत नाही, विश्लेषकांची मते येत नाहीत, वर्तमानपत्रातली बातमी येत नाही. इथेच पुष्कळ जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: कंपनीच बनावट आहे, किंवा तिची माहिती कुठे मिळतच नाही. दोन्ही चुकीचे ठरू शकते.

गोंधळात भर घालणारी पहिली गोष्ट कायद्यातच आहे. कंपनी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्या कंपनीची कोणतीही सिक्युरिटी बाजारात नोंदवलेली आहे, ती ‘लिस्टेड कंपनी’. पण १ एप्रिल २०२१ पासून या व्याख्येतून काही कंपन्या वगळल्या गेल्या. ज्यांचे फक्त खासगी पद्धतीने विकलेले डिबेंचर नोंदवलेले आहेत, त्या कंपनी कायद्याच्या दृष्टीने आता लिस्टेड नाहीत. सेबीच्या नियमांत मात्र त्याच कंपन्या ‘लिस्टेड एंटिटी’ आहेत आणि बाजाराला माहिती देण्याच्या बंधनातून त्यांची सुटका झालेली नाही. म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पडद्यावर जी ‘अनलिस्टेड’ दिसते, तीच बीएसईच्या पडद्यावर दर तिमाहीला निकाल टाकत असते.

दुसरा चकवा कंपनीच्या ओळखक्रमांकाचा. प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षरांचा क्रमांक असतो आणि त्याचे पहिले अक्षर L किंवा U असते, म्हणजे लिस्टेड किंवा अनलिस्टेड. व्यवहारात हे अक्षर शेअरवरून ठरते, रोख्यांवरून नाही. रेल्वेला डबे-इंजिने घ्यायला पैसा पुरवणाऱ्या इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशनचे रोखे वर्षानुवर्षे बाजारात होते. २०१२ च्या सुरुवातीला तिने आठ टक्क्यांच्या आसपासचे करमुक्त रोखे थेट जनतेला विकले, आणि पुष्कळ निवृत्त मंडळींनी ते घेतले. तरी तिचा क्रमांक U ने सुरू होत होता. जानेवारी २०२१ मध्ये शेअर बाजारात आला, तेव्हा त्या जागी L आला. तेव्हा U पाहून ‘या कंपनीचे बाजारात काहीच नाही’ असे समजू नये.

मग खात्रीची खूण कोणती? ती रोख्याच्या आयएसआयएन या बारा अक्षरी क्रमांकात आहे. रेल्वे फायनान्सच्या शेअरचा क्रमांक INE053F01010 असा आहे. त्यातले INE म्हणजे भारतातल्या कंपनीची सिक्युरिटी. पुढची चार अक्षरे 053F ही त्या कंपनीची स्वतःची खूण, तिच्या प्रत्येक रोख्यावर आणि शेअरवर तीच येते. त्यापुढचे दोन आकडे प्रकार सांगतात: 01 म्हणजे समभाग, 07 आणि 08 म्हणजे डिबेंचर आणि बाँड, 14 म्हणजे कमर्शिअल पेपर हे अल्पमुदतीचे कर्ज. बाजारात 07 सहसा तारण असलेल्या रोख्यांना आणि 08 सहसा बिनतारणी रोख्यांना लागलेला दिसतो, पण तारणाची खात्री माहितीपत्रकातूनच करावी. त्यानंतरचे दोन आकडे मालिकेचे, आणि अगदी शेवटचा आकडा आधीच्या अकरा अक्षरांवरून गणिताने काढलेला असतो. क्रमांक लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर त्यावरून कळते.

पहिली सात अक्षरे हाताशी असली की कंपनीचे सगळे कर्ज एका धाग्यात ओवता येते. म्हणून रोखा विकणाऱ्याकडे पहिली मागणी करायची ती आयएसआयएनची. नुसत्या नावावर विसंबू नये, कारण एकाच घराण्यात ‘फायनान्स’, ‘फिनकॉर्प’, ‘फायनान्शिअल सर्व्हिसेस’ अशा मिळत्याजुळत्या नावांच्या तीन-चार कंपन्या असतात. त्यांतल्या एकीच्या पतीवर दुसरीचा रोखा घेतला जाण्याचा धोका खरा आहे.

इथे एक बारकावा आहे. 01 असलेला क्रमांक सापडला म्हणजे शेअर बाजारात आहे, असे होत नाही. अनलिस्टेड पब्लिक कंपन्यांनाही २ ऑक्टोबर २०१८ पासून नवे शेअर डीमॅट स्वरूपातच द्यावे लागतात, त्यामुळे बाजारात कधीही न आलेल्या शेअरलाही आयएसआयएन असतो. एचडीबी फायनान्शिअल सर्व्हिसेस हे याचे चांगले उदाहरण आहे. एचडीएफसी बँकेची ही उपकंपनी २ जुलै २०२५ पर्यंत फक्त रोख्यांपुरती बाजारात होती. तिच्या शेअरचा क्रमांक INE756I01012 त्याआधीपासून होता आणि लोकांच्या डीमॅट खात्यांत ते शेअर दिसतही होते, पण ते बाजाराबाहेर दलालांमार्फत फिरत होते.

समजा, २०२५ च्या एप्रिलमध्ये कुणी या कंपनीचा शोध घेतला असता. `bseindia.com` वर नाव टाकल्यावर समोर आल्या असत्या त्या नऊने सुरू होणाऱ्या सहा आकडी संकेतांकांच्या ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे एकेका मालिकेचा रोखा. बीएसईवर शेअरचे संकेतांक बहुधा पाचने सुरू होतात. पाचचा एकही नाही आणि नऊचे पुष्कळ, यावरून लगेच कळते की ही फक्त रोखे नोंदवलेली कंपनी आहे. त्यानंतर कंपन्यांच्या घोषणांच्या पानावर जायचे. या पानावर विभाग निवडायची सोय असते आणि तो आपोआप शेअरवर लावलेला असतो. तो बदलून `Debt` केला नाही, तर कंपनीने आदल्या दिवशी टाकलेला कागदही सापडत नाही. ‘माहितीच नाही’ ही तक्रार पुष्कळदा या एका खिडकीमुळे होते. एनएसईच्या संकेतस्थळावरही रोख्यांच्या घोषणांची वेगळी खिडकी आहे.

त्या विभागात एचडीबीचे तिमाही निकाल होते, थकीत कर्जांचे प्रमाण होते, व्याज भरल्याची पत्रे होती. बाजाराबाहेर तिचा शेअर हजार-बाराशे रुपयांच्या आसपास विकला जात होता, आणि तो घेणाऱ्यांपैकी अनेकांना वाटत होते की खासगी कंपनीचे आकडे आपल्याला कुठून मिळणार. आकडे सगळ्यांसाठी उघडे होते. जून २०२५ मध्ये कंपनीने जनतेला शेअर देऊ केले, ते ७०० ते ७४० रुपयांना. बाजारात पहिला व्यवहार ८३५ रुपयांना झाला. त्याआधी हजाराच्या वर भाव देणाऱ्यांचे पैसे कमी झाले. रोख्यांसाठी टाकलेली माहिती शेअर घेणाऱ्यालाही किती उपयोगी पडली असती, हे यातून दिसते.

शेअर बाजारांखेरीज दुसरे ठिकाण म्हणजे डिपॉझिटरीचे रोख्यांचे भांडार, `indiabondinfo.nsdl.com`. तिथे आयएसआयएन टाकला की त्या एका रोख्याचे पान उघडते: रोखा कधी दिला, मुदत केव्हा संपते, व्याज किती आणि कोणत्या तारखांना, तारण आहे की नाही, पतमानांकन काय, विश्वस्त कोण, कोणत्या बाजारात नोंद आहे. विक्रेत्याने पाठवलेल्या पत्रकातली प्रत्येक ओळ या पानाशी ताडून पाहावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेबीने ‘बाँड सेंट्रल’ या नावाने रोख्यांच्या माहितीचे आणखी एक मोफत दालन सुरू केले आहे. रोख्याचे पान सापडले, पण नोंदणीच्या जागी बाजाराचे नावच नसेल, तर तो अनलिस्टेड रोखा असू शकतो. असे रोखे सामान्य लोकांना विकणाऱ्या काही प्लॅटफॉर्मना सेबीने २०२४ मध्ये रोखले होते. अनलिस्टेड रोख्यामागे तिमाही निकालांचे बंधन नसते, हा फरक छोटा नाही.

कागद सापडल्यावर त्यांत पाहायचे काय? सगळे वाचायची गरज नाही. कंपनी बाजाराला जे पाठवते त्यावर सेबीच्या नियमाचा क्रमांक लिहिलेला असतो आणि त्यातले दोन-तीन क्रमांक ओळखीचे झाले की काम भागते. `Regulation 52` म्हणजे निकाल. तिमाही संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांत आणि वर्ष संपल्यापासून साठ दिवसांत ते यायला हवेत. त्यात कर्ज आणि भांडवल यांचे गुणोत्तर, निव्वळ मालमत्ता असे आकडे वेगळे काढून दिलेले असतात. `Regulation 54` म्हणजे रोख्यामागच्या तारणाची स्थिती. आणि `Regulation 57` हे सर्वांत सोपे, बहुधा एकाच पानाचे पत्र: व्याज किंवा मुद्दल ज्या दिवशी द्यायचे होते, ते दिले की नाही, हे पुढच्या एका कामकाजाच्या दिवसात कळवावे लागते. व्याजाची तारीख रोख्याच्या पानावर आहे, भरल्याचे पत्र बाजाराच्या पानावर आहे. दोन्ही जुळतात का, हे पाहायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. निकाल लांबले, लेखापरीक्षक मुदतीआधी सोडून गेला किंवा हे पत्र आलेच नाही, तर नवा पैसा घालणे तिथेच थांबवावे.

यापुढचा कागद पतमानांकन संस्थेचा. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांच्या संकेतस्थळांवर कंपनीचे नाव टाकले, की मानांकनामागची कारणे सांगणारे टिपण मोफत मिळते. विक्रेत्याच्या पत्रकात फक्त अक्षरे छापलेली असतात, टिपणात त्यामागचे म्हणणे असते. कंपनीकडे रोकड किती, येत्या वर्षात फेडायचे किती, काय घडले तर मानांकन खाली येईल, हे त्यात लिहिलेले असते. शेवटच्या जोडपत्रात मानांकन केलेल्या रोख्यांचे आयएसआयएन दिलेले असतात, त्यामुळे कंपनीच्या कर्जाची यादी तिथूनही मिळते. काही टिपणांवर शेरा असतो की कंपनी माहिती देण्यात सहकार्य करत नाही. हा शेरा अक्षरांइतकाच गांभीर्याने घ्यायला हवा.

तरीही मानांकनावर सगळा भार टाकता येत नाही. आयएल अँड एफएसचे प्रकरण मराठी वाचकांच्या लक्षात असेल. मुंबईच्या या कंपनीचे शेअर बाजारात नव्हते. एलआयसी, स्टेट बँक, जपानची ओरिक्स, अबुधाबीचा सरकारी निधी असे तिचे मालक होते. तिचे डिबेंचर मात्र भविष्य निर्वाह निधींपासून म्युच्युअल फंडांपर्यंत अनेकांकडे होते. २०१८ च्या जुलैपर्यंत मानांकन सर्वोच्च, म्हणजे ट्रिपल ए होते. ऑगस्टमध्ये ते एक पायरी उतरले. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिडबीचे एक हजार कोटींचे कर्ज थकल्याचे बाहेर आले, मानांकन थेट डबल बीवर आले आणि १७ सप्टेंबरला डी, म्हणजे थकबाकीदार. दोन महिन्यांच्या आत शिखरावरून तळाला. १ ऑक्टोबरला सरकारने कंपनी न्यायाधिकरणामार्फत संचालक मंडळ बाजूला केले. तोवर समूहाचे कर्ज सुमारे ९१ हजार कोटींवर गेले होते.

शेअर बाजारात असलेल्या कंपनीत असे काही शिजत असते, तेव्हा बहुधा शेअरचा भाव आधी घसरू लागतो. रोज हजारो लोक खरेदी-विक्री करत असल्यामुळे कुणाला तरी आधी कुणकुण लागते आणि ती भावात उतरते. फक्त रोखे असलेल्या कंपनीला ही घंटाच नसते. रोख्यांचे व्यवहार तुरळक होतात, एखादी मालिका महिनोन्‌महिने हलतही नाही, म्हणून पडद्यावर दिसणारा भाव जुना असू शकतो. त्या भावात बदल नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे, असा लावता येत नाही. आयएल अँड एफएसमध्ये खूण होती ती हिशेबात. २०१७-१८ या वर्षात एकट्या मूळ कंपनीच्या हिशेबात पाचशे कोटींहून अधिक नफा होता, पण उपकंपन्या धरून केलेल्या एकत्रित हिशेबात अठराशे कोटींहून अधिक तोटा. कर्ज मुख्यतः खालच्या कंपन्यांत साचले होते. म्हणून ज्या कंपनीच्या पोटात अनेक कंपन्या आहेत, तिचा एकत्रित ताळेबंद पाहिल्याशिवाय रोखा घेऊ नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

त्यानंतर नियम बदलले. रोखे नोंदवलेल्या कंपन्यांचे निकाल सहामाही होते, ते सप्टेंबर २०२१ च्या दुरुस्तीने तिमाही झाले. ज्यांचे नोंदवलेले रोखे पाचशे कोटी किंवा अधिक आहेत, त्यांना संचालक मंडळ, लेखा समिती, संबंधितांशी होणारे व्यवहार याबाबतचे शेअरवाल्या कंपन्यांसारखे नियम लावले गेले. २०२५ मध्ये ही मर्यादा एक हजार कोटींवर नेण्यात आली. त्यामुळे लहान कंपन्यांवरचा भार हलका झाला, पण त्याच कंपन्यांचे रोखे आता दहा हजारांच्या तुकड्यांत सामान्य माणसाकडे येत आहेत. लहान कंपनीच्या मंडळावर स्वतंत्र संचालक आहेत का, हे म्हणूनच स्वतः तपासलेले बरे. नावे वार्षिक अहवालात सापडतात.

व्याज थकलेच, तर एकट्या रोखेधारकाच्या हाती थोडेच असते. सर्वांच्या वतीने कारवाई करायची ती डिबेंचर ट्रस्टीने. तारण त्याच्या नावे असते आणि थकबाकी झाल्यावर रोखेधारकांची सभाही तोच बोलावतो. पुण्याच्या कोथरूडमध्ये नोंदणीकृत कार्यालय असलेली कॅटॅलिस्ट ट्रस्टीशिप ही देशातल्या मोठ्या ट्रस्टींपैकी एक. थकबाकीची आणि तारणाची माहिती ट्रस्टींच्या संकेतस्थळांवरही मिळते. रोखा घेण्याआधी ट्रस्टीचे नाव रोख्याच्या पानावरून टिपून ठेवले, तर वेळ आल्यावर पत्र कुणाला लिहायचे हे शोधत बसावे लागत नाही.

अशा कंपन्यांची यादी स्थिर नसते. पुण्याची बजाज हाउसिंग फायनान्स सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर घेऊन बाजारात आली आणि या गटातून बाहेर पडली. काही कंपन्या उलट्या वाटेने जातात: शेवटची मालिका फेडली, की बाजारातली नोंद संपते आणि त्याबरोबर तिमाही निकालही थांबतात. मग उरते ते कंपनी व्यवहार मंत्रालयाचे `mca.gov.in`, जिथे शंभर रुपये शुल्क भरून कंपनीने दाखल केलेले वार्षिक हिशेब पाहता येतात. पण मार्चअखेरचा ताळेबंद तिथे यायला सहसा ऑक्टोबर उजाडतो. जिचा जुना रोखा फिटला आहे आणि नवा अजून नोंदवायचा आहे, अशा कंपनीत पैसे घालणाऱ्याच्या हाती त्यामुळे सहा-सात महिने जुना हिशेब असतो, आणि त्या महिन्यांत काय झाले ते त्याने कंपनीकडे लेखी विचारून घ्यायला हवे.